साहेबांनी शेवटी बोलावे

प्रश्न : आमच्या कार्यालयात दरमहा एक पुस्तक वाचून त्यावर चर्चा करणारा गट सुरू करण्याची माझी इच्छा आहे. मागे एकदा प्रयत्न झाला होता. सर्वांना पत्रक पाठवले, चौदा जण आले आणि बहुमताने साडेचारशे पानांची एक कादंबरी निवडली. बैठकीच्या दिवशी चौघांचीच वाचून झाली होती. आमचे विभागप्रमुखच बराच वेळ बोलले आणि बाकीचे माना डोलावत राहिले. तिसऱ्या महिन्यात आम्ही तिघेच उरलो. आता पुन्हा सुरुवात करायची आहे आणि विभागप्रमुखांनाही यायचे आहे. पुस्तके कशी निवडावीत? चर्चा मिळमिळीत होऊ नये म्हणून काय करावे?
— एक वाचक, लेखा विभाग

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला सर्वांत उपयोगी तपशील माना डोलावण्याचा आहे. पुस्तकाची जाडी हे फसण्याचे निम्मे कारण झाले. उरलेले निम्मे असे, की ती वाचकांची बैठक न राहता कार्यालयाची बैठक झाली. आधी कोणी बोलायचे, कोणाचे म्हणणे खोडायचे नाही आणि तयारी झालेली नसली तर ती कशी झाकायची, हे एका ठिकाणी काम करणाऱ्या माणसांच्या अंगवळणी पडलेले असते आणि टेबलावर पुस्तक ठेवले म्हणून ते दाराबाहेर थांबत नाही. मित्रमंडळींच्या वाचनगटासाठी दिले जाणारे सल्ले सहकाऱ्यांच्या गटाला अर्धेमुर्धेच लागू पडतात, ते यामुळेच. तुमचे दोन्ही प्रश्न म्हणून मी याच अंगाने घेतो.

माणसे जमवण्याविषयी थोडक्यात सांगतो. या वेळी पत्रक काढू नका. पत्रक आले की ‘उपक्रम’ आला, आणि उपक्रमाला काही जण केवळ दिसण्यासाठी हजर राहतात. ज्यांना वाचायला आवडते असे तुम्हाला खात्रीने वाटते त्यांना एकेकट्याने विचारा, आणि शक्यतो दोन-तीन वेगवेगळ्या विभागांतून माणसे घ्या, म्हणजे सगळेच एका साहेबांच्या हाताखालचे राहणार नाहीत. यादीत दहा-बारा नावे असली की कोणत्याही महिन्यात सात-आठ जण येतात, आणि प्रत्येकाला दोन-तीनदा बोलता यावे इतका वेळ मिळण्यासाठी हीच संख्या बरी पडते. बाराच्या वर गेले की निम्मे लोक श्रोते होतात. गट कायमचा म्हणून जाहीर न करता सुरुवातीला तीनच महिन्यांचा ठरवा. तीन बैठकींनंतर ज्याला थांबायचे असेल त्याला कारण सांगावे लागू नये. दिवसही ठरलेला असावा, उदाहरणार्थ दर महिन्याचा तिसरा गुरुवार. तुम्ही लेखा विभागात आहात, तेव्हा महिनाअखेर टाळा हे मी वेगळे सांगायला नको. वेळ सव्वा ते दीड तासाची ठेवा. दुपारच्या सुट्टीत हे बसवू नका, कारण चर्चेला रंग चढू लागतो नेमका तेव्हाच लोक घड्याळाकडे बघू लागतात.

आता पानांचा हिशोब, कारण तो न केल्यामुळेच बहुतेक गट पहिल्या पुस्तकावर आपटतात. ललित गद्य वाचताना प्रौढ वाचकाचा वेग मिनिटाला साधारण २०० ते २५० शब्दांचा असतो आणि मराठी पुस्तकाच्या सर्वसाधारण पानावर अडीचशे-तीनशे शब्द मावतात. मध्येच थांबणे, मागे जाऊन पुन्हा वाचणे हे धरून एका पानाला दोन मिनिटे लागतात असे मानू. नोकरी आणि घर सांभाळणारा माणूस दिवसाला वीस मिनिटे आणि आठवड्यातून चार दिवस वाचू शकला, तर आठवड्याला चाळीस पाने होतात आणि चार आठवड्यांत एकशे साठ. सुट्टीच्या एखाद्या दिवशी थोडे जास्त झाले तर दोनशे. याच वेगाने साडेचारशे पाने वाचायला अकरा आठवडे लागतात. तेव्हा तुमच्याकडे ज्यांचे वाचून झाले नाही ते आळशी नव्हते. त्यांना तीन महिन्यांचे काम एका महिन्यात करायला सांगितले गेले होते. पहिल्या तीन महिन्यांसाठी दोनशे पानांची मर्यादा कडक पाळा, आणि अगदी पहिले पुस्तक तर शंभर-सव्वाशे पानांचेच घ्या.

निवडीत दुसरी चूक असते ती मोजणीच्या रीतीची. समजा दहा जण आहेत आणि पाच पुस्तके सुचवली गेली आहेत. प्रत्येकाने एकच मत द्यायचे ठरवले, तर चार मते एका गाजलेल्या जाड कादंबरीला, तीन मते एका चरित्राला आणि उरलेल्या तीन पुस्तकांना एकेक मत, असे काहीसे होते. कादंबरी चार मतांवर निवडून येते आणि ज्यांना ती नको होती असे सहा जण महिनाभर तिच्याकडे नाइलाजाने बघत राहतात. त्याऐवजी प्रत्येकाला पाचही नावांची चिठ्ठी द्या आणि ‘हे पुस्तक मी खरोखर वाचून येईन’ असे ज्या ज्या पुस्तकाविषयी वाटते, त्या सगळ्यांपुढे खूण करायला सांगा. आता त्या कादंबरीला पाच खुणा मिळतील, आणि आधी एकच मत मिळालेल्या एखाद्या छोट्या पुस्तकाला नऊ. ते कोणाचेही सर्वांत आवडते नसेल, पण नऊ जण ते वाचून येतील, आणि चर्चेला तेवढेच लागते. चिठ्ठीवर कोणी स्वतःचे नाव लिहू नये. हात वर करून मत घेतले, तर सगळ्यांची नजर आधी विभागप्रमुखांच्या हाताकडे जाते.

सुचवणाऱ्यावर तीन अटी घाला. पुस्तक त्याने स्वतः पूर्ण वाचलेले असावे. केवळ ऐकलेले चालणार नाही. त्याच्या पुरेशा प्रती, ग्रंथालयातून, विकत किंवा ई-पुस्तकाच्या रूपात, पंधरा दिवसांत सगळ्यांना मिळू शकतील याची त्याने चौकशी केलेली असावी. कुणीतरी चोरून स्कॅन केलेली प्रत गटात फिरवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : या पुस्तकात दोन शहाणी माणसे कोणत्या गोष्टीवर वेगळे मत देतील, हे त्याला एका वाक्यात सांगता आले पाहिजे. उत्तम पुस्तक आणि चर्चेचे उत्तम पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही पुस्तके इतकी निर्दोष आणि सर्वमान्य असतात, की ती वाचून सगळे ‘छान आहे’ म्हणतात आणि दहा मिनिटांत बोलणे संपते. यशस्वी कसे व्हावे, वेळेचे नियोजन कसे करावे अशा प्रकारची पुस्तके पहिल्या वर्षी तरी घेऊ नका. ती वाईट असतात असे नाही. पण सहकाऱ्यांच्या गटात त्यांवरची चर्चा बघता बघता कामाच्या आढाव्यात बदलते आणि प्रत्येक जण आपण किती शिस्तीचे आहोत हे सांगू लागतो. निवड किमान दोन महिने पुढची करून ठेवा, म्हणजे प्रती मिळवण्यात महिना जाणार नाही.

आता एक पुस्तक घेऊन हे सगळे प्रत्यक्षात कसे चालते ते बघू. तुमच्यासारख्या गटाला पहिल्या बैठकीसाठी मी तोलस्तोय यांची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही लघुकादंबरी सुचवीन. ती १८८६ साली प्रसिद्ध झाली, तिची प्रकरणे बारा आहेत आणि पाने साधारण शंभर, म्हणजे तीन-चार तासांचे वाचन. मूळ रशियन असल्यामुळे ज्याला ज्या भाषेतला अनुवाद सोयीचा त्याने तो वाचावा. मात्र मग पानांचे क्रमांक जुळत नाहीत, म्हणून बोलताना प्रकरणाचा क्रमांक सांगण्याची सवय लावून घ्यावी लागते. एक खबरदारी घ्या. पुस्तक एका माणसाच्या आजारपणाविषयी आणि मरणाविषयी आहे. गटात कोणाच्या घरी नुकतेच असे काही घडले असेल, तर त्या व्यक्तीला आधी एकटे गाठून विचारा आणि तिने नको म्हटले तर कारण जाहीर न करता पुस्तक बदला.

हेच पुस्तक का, तर त्याची सुरुवातच एका कार्यालयात होते. न्यायालयाच्या इमारतीत मधल्या सुट्टीत सहकारी बसलेले असतात, त्यांतल्या एकाला वर्तमानपत्रात इव्हान इलिचच्या निधनाची बातमी दिसते, आणि ती ऐकताच प्रत्येकाच्या मनात पहिला विचार येतो तो आता कोणाला बढती मिळेल, कोणाची बदली होईल याचा. एक जण वाढणाऱ्या पगाराचा आकडाही मनात मांडतो. दुसऱ्याला वाटते, आता मेहुण्याच्या बदलीचा अर्ज करावा. हे वाचून नोकरी करणारा कोणीही माणूस थोडा अस्वस्थ होतो आणि थोडा हसतो. सहकाऱ्यांच्या गटाला अशीच जागा हवी असते. विषय त्यांच्या ओळखीचा असतो, पण पात्रे दुसऱ्या देशातली आणि दुसऱ्या शतकातली असल्यामुळे कोणाकडे बोट दाखवावे लागत नाही.

चर्चा कशी चालवावी यासाठी जुन्या अनुभवावर उभी राहिलेली एक पद्धत आहे. रॉबर्ट हचिन्स आणि मॉर्टिमर अॅडलर यांनी १९४७ साली शिकागोत ‘ग्रेट बुक्स फाउंडेशन’ ही संस्था सुरू केली. तिच्या पद्धतीत चर्चा चालवणारा स्वतः मते मांडत नाही, फक्त प्रश्न विचारतो, आणि प्रश्नांचे तीन प्रकार वेगळे ओळखतो. पहिल्या प्रकारचे उत्तर पुस्तकात सरळ दिलेले असते, जसे बातमी कोणी वाचून दाखवली. दुसऱ्या प्रकारात पुस्तकातल्या मजकुराच्या आधारे एकाहून अधिक उत्तरे देता येतात. तिसऱ्यात आपण पुस्तकाबाहेर येऊन ते आपल्याला पटते का, हे सांगतो. या पद्धतीत चर्चेचा जीव दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नात मानला जातो, आणि कार्यालयातल्या गटाला तर हे फारच खरे आहे. कारण ‘सहकारी गेल्याची बातमी ऐकून बढतीचा विचार करणे योग्य आहे का?’ असा तिसऱ्या प्रकारचा प्रश्न तुम्ही आरंभीच विचारलात, तर आठही जण ‘नाही, योग्य नाही’ असे सभ्य उत्तर देतील आणि तिथेच गाडी अडेल. साहेबांसमोर दुसरे उत्तर कोण देणार?

त्याऐवजी मी असा प्रश्न विचारीन : इव्हान इलिच चांगला अधिकारी होता का? ऐकायला तो सोपा वाटतो, पण पुस्तक दोन्ही बाजूंना भरपूर पुरावा देते. तो प्रामाणिक आहे, हुशार आहे, लाच घेत नाही, कागदपत्रे चोख ठेवतो, आणि सरकारी काम व खासगी जीवन वेगळे ठेवण्याचा त्याला अभिमान आहे. समोर आलेल्या प्रकरणातून माणसाशी संबंधित सगळे गाळून फक्त कायद्याचा भाग उरवण्यात तो वाकबगार आहे. मग चौथ्या प्रकरणात तो आजारी होऊन डॉक्टरकडे जातो, आणि डॉक्टर त्याच्याशी नेमका तसाच वागतो जसा तो स्वतः न्यायालयात आरोपीशी वागत आला आहे : तोच रुबाब, तीच ठरावीक प्रश्नावली. ‘माझे दुखणे गंभीर आहे का?’ एवढेच त्याला हवे असते आणि डॉक्टरच्या लेखी तो प्रश्नच गैरलागू असतो. इथे तुमच्या गटात फूट पडली पाहिजे. कोणीतरी म्हणेल की न्यायाधीशाने असेच अलिप्त असायला हवे, नाहीतर तो ओळखीपाळखीने निकाल देईल. कोणीतरी म्हणेल की चौथे प्रकरण हाच त्याच्या नोकरीवरचा निकाल आहे. दोघांनाही प्रकरण उघडून दाखवता येते, आणि दोघेही वाचताना आपापल्या टेबलाचा विचार करत असतात, हे कोणी बोलून दाखवण्याची गरज पडत नाही.

सूत्रधाराने असे तीन-चारच प्रश्न लिहून आणावेत. या पुस्तकावरचे आणखी दोन सांगतो. नव्या घरात पडदे कसे टांगायचे हे कारागिराला दाखवताना इव्हान इलिच शिडीवरून घसरतो, खिडकीच्या चौकटीच्या मुठीवर त्याची कूस आपटते आणि आजार तिथून सुरू झाला असे त्याला वाटू लागते. मग लेखक त्याला सजावटीच्या हौसेची शिक्षा देतो आहे, की ही निव्वळ वाईट योगायोगाची गोष्ट आहे? दुसरा प्रश्न गेरासिम या तरुण नोकराविषयी. घरात फक्त त्याच्याचजवळ मालकाला बरे वाटते, कारण तो खोटे बोलत नाही. आपण सगळेच मरणार आहोत, तेव्हा थोडे कष्ट घ्यायला काय हरकत, अशा अर्थाचे तो बोलतो. तर मग गेरासिमचे वागणे हे प्रेम आहे, स्वभाव आहे, की चांगली केलेली नोकरी? हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे आणि नोकरी करणाऱ्यांच्या गटात तो कधी कधी सगळा वेळ खाऊन टाकतो. खाऊ द्यावा. पुस्तकाच्या शेवटी किंवा आंतरजालावर मिळणाऱ्या तयार प्रश्नावल्यांवर मात्र विसंबू नका. त्यांतले बरेच प्रश्न कोणत्याही पुस्तकाला चिकटवता येतील असे असतात. प्रश्न चांगला आहे की नाही याची एक सोपी कसोटी आहे. सूत्रधाराला स्वतःला त्याचे उत्तर पक्के ठाऊक असेल, तर तो प्रश्न काढून टाकावा.

सूत्रधार आणि पुस्तक सुचवणारा एकच माणूस नसावा. ज्याने पुस्तक सुचवले, त्याला टीका झाली की स्वतःवर झाल्यासारखी वाटते आणि तो वकिली करू लागतो. लोकही त्याचे मन राखण्यासाठी कौतुक करू लागतात. तेव्हा सुचवणाऱ्याने पहिला अर्धा तास ऐकावे, आणि सूत्रधारपण दर महिन्याला फिरते ठेवावे. विभागप्रमुखांना पहिले सहा महिने सूत्रधार करू नका.

बैठकीची सुरुवात ‘कसे वाटले पुस्तक?’ या प्रश्नाने करू नये. त्यावर पहिला माणूस निकाल देऊन टाकतो, पुढचे त्याला दुजोरा देतात आणि ज्याला आवडले नाही तो गप्प बसतो. त्याऐवजी प्रत्येकाने येताना एका उताऱ्यावर खूण करून आणावी, मग तो आवडलेला असो, खटकलेला असो की न कळलेला. पहिल्या दहा-बारा मिनिटांत प्रत्येकाने आपल्या उताऱ्यातल्या चार-पाच ओळी मोठ्याने वाचाव्यात आणि त्यावर काहीही भाष्य करू नये. या साध्या रीतीचे दोन फायदे होतात. प्रत्येकाचा आवाज खोलीत एकदा उमटतो, आणि एकदा बोललेला माणूस पुन्हा बोलण्याची शक्यता बरीच वाढते. शिवाय सगळ्यांची पुस्तके उघडी असतात. दोन-तीन जणांनी एकच उतारा निवडलेला निघाला, तर सूत्रधाराने लिहून आणलेले प्रश्न बाजूला ठेवून तिथूनच सुरुवात करावी. ज्यांचे वाचून पूर्ण झालेले नाही त्यांनीही यावे, जिथवर वाचले तिथला उतारा आणावा. पण शेवटाची चर्चा त्यांच्यासाठी थांबवली जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवावे. फाउंडेशनची रीत इथे जास्त कडक आहे, ज्याने वाचले नाही त्याने चर्चेत भाग घेऊ नये अशी. सहकाऱ्यांच्या गटात ती कडकपणे लावली की लोक वाचल्याचे सोंग करतात, म्हणून मी ती सैल करायला सांगतो.

प्रश्न विचारल्यावर शांतता पसरली, की सूत्रधार घाबरतो आणि स्वतःच उत्तर देऊ लागतो. मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. दहा आकडे फार लांब वाटतात, पण बहुधा सातव्या-आठव्याला कोणीतरी तोंड उघडते. तरीही काही हलले नाही, तर प्रश्न बदलण्याआधी शेजारच्या दोघादोघांनी चार मिनिटे आपसात बोलावे असे सुचवा. आठ जणांसमोर न बोलणारा माणूस एकासमोर बोलतो, आणि मग सूत्रधाराने ‘तुमच्या जोडीत काय निघाले?’ असे विचारले की त्याला एकट्याचे मत मांडल्यासारखे वाटत नाही.

चर्चा बिघडण्याची खूण मी एकच धरतो : सलग दहा मिनिटांत कोणीही पुस्तक उघडलेले नाही. कार्यालयात हे हमखास एका वळणावर होते. पुस्तकातल्या साहेबावरून गोष्ट खोलीबाहेरच्या साहेबावर जाते, आणि मग कोण कसे वागले याच्या कहाण्या सुरू होतात. त्या रंगतात खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी कोणालातरी आपण बोललो याचा पश्चात्ताप होतो आणि तो पुढच्या महिन्यात येत नाही. सूत्रधाराने रागावू नये, उपदेशही करू नये. ‘असे इव्हान इलिच कोणत्या प्रकरणात करतो?’ एवढेच विचारावे. सापडले तर चर्चा परत पुस्तकात येते, नाही सापडले तर विषय आपोआप मावळतो. बैठकीत बोललेले कामाच्या जागी उगाळायचे नाही आणि वार्षिक मूल्यमापनात या गटाचा उल्लेखही करायचा नाही, हे दोन नियम पहिल्याच दिवशी सर्वांसमोर, विभागप्रमुखांच्या उपस्थितीत, मोठ्याने सांगून टाकावेत.

याच्या उलट अडचण म्हणजे सगळ्यांचे एकमत. ते होते तेव्हा सूत्रधाराने स्वतः विरोधी मत घेऊ नये. पुस्तकातला विरोधी पुरावा पुढे ठेवावा. सगळे म्हणाले, की पहिल्या प्रकरणातला प्योत्र इवानोविच हृदयशून्य आहे, तो मृताच्या घरून सरळ पत्ते खेळायला जातो, तर त्याच प्रकरणातला तो भाग वाचून दाखवावा जिथे मित्राच्या तीन दिवसांच्या यातना ऐकून त्याला क्षणभर भीती वाटते, आणि मग ‘हे त्याच्या बाबतीत झाले, माझ्या नाही’ या नेहमीच्या विचाराने तो सावरतो. मग विचारावे, की हा हृदयशून्यपणा आहे, की आपण सगळेच रोज वापरतो तो बचाव? या एका उताऱ्यावर एकमत मोडते.

आता विभागप्रमुखांविषयी. त्यांना टाळू नका. टाळले तर गट चोरून भेटतो असे दिसेल, आणि त्यांना वाचायची आवड आहे ही चांगलीच गोष्ट आहे. पहिल्या बैठकीच्या आठवडाभर आधी त्यांना भेटा आणि स्पष्ट पण आदराने सांगा. असे काहीसे : ‘सर, तुम्ही आधी बोललात की पुढचे सगळे तुमच्याशी सहमत होतात, आणि मग तुम्हालाच आमची मते ऐकायला मिळत नाहीत. प्रत्येक प्रश्नावर निदान चौघे बोलल्यावर तुम्ही बोलाल का?’ बहुतेक वरिष्ठ हे मान्य करतात, कारण विनंतीत त्यांचा तोटा नसतो. त्यांना आणखी एक गोष्ट मागा. उताऱ्यांच्या फेरीत त्यांनी न कळलेला उतारा आणावा. साहेबांनी ‘हे मला समजले नाही’ असे एकदा म्हटले, की खोलीतल्या बाकीच्यांना तेच म्हणण्याची मोकळीक मिळते, आणि ती तुम्ही कितीही नियम केलेत तरी दुसऱ्या कोणाकडून मिळत नाही. त्यांना टेबलाच्या टोकाला बसवू नका. शक्य असेल तर ज्या खोलीत तुमच्या आढावा बैठका होतात, ती खोलीच घेऊ नका.

ते ठरल्याप्रमाणे वागले नाहीत आणि पुन्हा लांबण लागली, तर सूत्रधाराने त्यांना तोडू नये. त्यांच्या बोलण्यातले एक विधान उचलावे आणि दुसऱ्या एखाद्याला नाव घेऊन विचारावे, की सरांनी म्हटले तसे सातव्या प्रकरणातही दिसते का, की तिथे वेगळे काही आहे? अशाने त्यांचा मान राहतो आणि बोलणे पुढे सरकते. हीच युक्ती कोणत्याही बोलक्या सदस्याला चालते. ज्याला बोलताना मध्येच थांबवावे लागते त्याला पुढच्या महिन्यात सूत्रधार करावे. प्रश्नच विचारायचे असल्यामुळे त्याला गप्प बसणे भाग पडते.

कोणी दुसऱ्या गावाहून पडद्यावर सहभागी होत असेल, तर प्रत्येक फेरी त्याच्यापासून सुरू करा, नाहीतर तो प्रेक्षक होऊन बसेल. संदेशांचा गट हवाच असेल, तर तो फक्त तारीख, प्रती आणि महिन्याच्या मध्यावर एका आठवणीपुरता ठेवा. ‘पाचव्या प्रकरणापर्यंत कोण कोण आले?’ असे त्यावर विचारू नका, मागे राहिलेले संकोचून बाहेर पडतात. सूत्रधाराने आपल्या प्रश्नांपैकी एक तिथे टाकला, तर वाचणाऱ्यांना वाचताना धरायला काहीतरी मिळते. शेवटची पाच मिनिटे पुढच्या पुस्तकासाठी ठेवा, पण ती घोषणेची. निवड त्या पाच मिनिटांत करू नका. उशीर झालेला असतो, लोक उठायच्या बेतात असतात, आणि जो पहिले नाव घेतो त्याचे पुस्तक ठरून जाते.

दुसऱ्या महिन्यासाठी पहिल्याहून अगदी वेगळ्या जातीचे काही घ्या. मरणावरच्या लघुकादंबरीमागून विनोदी किंवा प्रवासाचे पुस्तक बरे पडते. तिसऱ्या महिन्यात कथासंग्रह घ्यायचा असेल, तर संपूर्ण संग्रह ठेवू नका. पंधरा कथांवर दीड तासात बोलायला गेले की एकेकीच्या वाट्याला सहा मिनिटे येतात आणि चर्चेची नुसती यादी होते. सुचवणाऱ्याने त्यातल्या तीन कथा नेमून द्याव्यात, त्यांतली एक अशी असावी जी त्याला स्वतःला नीट कळलेली नाही, आणि चर्चा तिच्यापासूनच सुरू करावी.